‘जन्मगाव कोणतं?’ या प्रश्नाचं उत्तर जुळत नाही: जुनं खातं परत मिळवताना काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. पासवर्ड विसरला, ‘Forgot password’ दाबलं आणि समोर प्रश्न आला: जन्मगाव कोणतं? आईचं माहेरचं आडनाव काय? माणसाला उत्तर पक्कं माहीत असतं, तो ते टाकतो, आणि उत्तर चुकीचं असल्याचा लाल संदेश येतो. दोन-तीनदा असं झालं की खातं काही तासांसाठी बंद होतं. दुसरा प्रकार उलटा असतो. दहा-बारा वर्षांपूर्वी भरलेलं उत्तर वहीत लिहून ठेवलेलं आहे, पण आता कुणी तो प्रश्नच विचारत नाही, आणि माणूस पानापानावर ‘प्रश्न कुठे आहे’ हे शोधत बसतो.

दोन्ही प्रकारांचे उपाय वेगळे आहेत. म्हणून आधी एवढंच ठरवा की तुमच्या सेवेत तो प्रश्न अजून चालू आहे का. गूगलमध्ये तो संपला आहे: नवीन प्रश्न ठेवता येत नाही, आणि जुन्या उत्तरावर खातं मिळेल अशी आशा धरू नका. आयकर विभागाच्या जुन्या ई-फायलिंग संकेतस्थळावर ‘गुप्त प्रश्ना’ने पासवर्ड बदलता यायचा. जून 2021 मध्ये नवं पोर्टल आलं, आणि तिथे आता आधारशी जोडलेल्या मोबाईलवरचा ओटीपी किंवा नेट बँकिंगमधून थेट प्रवेश असे मार्ग आहेत. अॅपलच्या ज्या जुन्या खात्यांवर द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणारी सोय, कधी चालूच केली नाही, त्यांना प्रश्न अजून चिकटलेले आहेत. काही बँकांच्या नेट बँकिंगमध्ये, नोकरभरतीच्या आणि विद्यापीठांच्या जुन्या पोर्टलवरही ते सापडतात.

उत्तर माहीत असूनही का जुळत नाही

संगणकाला तुमचं जन्मगाव माहीत नसतं. त्याच्याकडे फक्त त्या दिवशी टाईप केलेली अक्षरं असतात, आणि नीट बांधलेल्या सेवेत तीही मूळ रूपात नसतात. उत्तराचा पासवर्डसारखा हॅश, म्हणजे उलट वाचता न येणारा सांकेतिक ठसा, करून ठेवलेला असतो. त्यामुळे ‘जवळपास बरोबर’ असं काही नसतंच. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की हॅश पूर्ण बदलतो. समोरच्या कर्मचाऱ्यालाही पडद्यावर उत्तर दिसत नाही, तेव्हा ‘साहेब, थोडं चुकलंय, सोडा ना’ म्हणून उपयोग होत नाही.

आपल्या भागात ही अडचण जास्त येते, आणि त्याची कारणं ठोस आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे माणूस वाढतो साताऱ्यात आणि जन्म असतो कराडचा, नाहीतर मिरजेच्या एखाद्या दवाखान्यातला. फॉर्म भरताना त्या क्षणी ‘जन्मगाव’ म्हणून मूळ गाव लिहिलं, तालुका लिहिला की दवाखान्याचं शहर लिहिलं, हे नंतर सांगता येत नाही. त्यात गावांची इंग्रजी स्पेलिंग ठरलेली नाहीत. सांगलीतलं विश्रामबाग घ्या: Vishrambag, Vishrambaug, Vishram Bag, Wishrambag, सगळी चालतात. इस्लामपूरचं 2025 मध्ये ईश्वरपूर झालं, पण खात्यात जे आहे ते 2012 साली टाईप केलेलंच आहे.

कराडचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण इथे पडद्यावर अगदी सारखं दिसणारं उत्तरही चुकीचं ठरू शकतं. देवनागरीत बरेच जण कऱ्हाड लिहितात. त्यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त पाठवतात. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह पाठवतात. दिसायला फरक शून्य. पण पायथॉन या संगणकीय भाषेत दोन्हींची तुलना केली तर उत्तर False, म्हणजे ‘सारखी नाहीत’, असं येतं:

```python
import unicodedata as u
a = "क\u0931\u094dहाड"
b = "क\u0930\u094d\u200dहाड"
print(a == b)                        # False
print(u.normalize("NFC", a) ==
      u.normalize("NFC", b))         # False
```

दुसरी तपासणी महत्त्वाची आहे. सेवेने युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. म्हणजे 2013 साली संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाईप केलेलं कऱ्हाड आणि आज फोनवर उमटलेलं कऱ्हाड वेगळं निघू शकतं. उत्तर देवनागरीत दिल्याची खात्री असेल तर आधी तेव्हाच्याच पद्धतीच्या कीबोर्डवरून टाईप करून बघा. आणि गावाच्या नावात ऱ्य किंवा ऱ्ह असेल तर ‘कराड’सारखं साधं रूपही यादीत धरा.

तिसरं कारण फोनचा कीबोर्ड. सुचवलेल्या शब्दावर बोट लावलं की तो शब्दापुढे एक मोकळी जागा सोडतो, आणि पहिलं अक्षर स्वतःहून मोठं करतो. बऱ्याच सेवा लहान-मोठं अक्षर आणि कडेच्या मोकळ्या जागा दुर्लक्षित करतात, पण सगळ्या नाही. म्हणून उत्तर सुचवणीतून घेऊ नका. अक्षर-अक्षर टाईप करा आणि शेवटी मोकळी जागा राहिलेली नाही हे कर्सर फिरवून बघा.

चौथं कारण सगळ्यात जास्त सापडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही: उत्तर तुम्ही दिलेलंच नाही. 2009 ते 2014 च्या काळात खाती सायबर कॅफेत, संगणक क्लासमध्ये किंवा ई-सेवा केंद्रात उघडली गेली. समोर रांग असायची. केंद्रचालक प्रश्नाच्या रकान्यात abc, 1234, तुमचं पहिलं नाव किंवा पासवर्डच पुन्हा टाकून पुढे जायचा. खातं केंद्रात उघडलं असेल तर खऱ्या उत्तराआधी ही रूपं वापरून बघण्यात जास्त अर्थ आहे.

प्रयत्न वाया न घालवता

फॉर्म उघडण्याआधी कागद घ्या. संभाव्य उत्तरं शक्यतेच्या क्रमाने लिहा, प्रत्येकाची तीन-चार स्पेलिंग लिहा, आणि प्रत्येक प्रयत्नानंतर त्यावर काट मारून वेळ टाका. घरातल्या तिघांनी तीन फोनवरून एकाच वेळी प्रयत्न केले की खातं हमखास अडकतं आणि काय वापरून झालं हेही कळत नाही. अडकल्याचा संदेश आला की थांबायचं. त्या काळात केलेला प्रयत्न अनेक ठिकाणी प्रतीक्षा आणखी वाढवतो.

कागदावरची दहा-बारा उत्तरं संपली तर प्रश्न सोडून द्या. त्यापुढे दिवस घालवणं आमच्या मते फुकट आहे. 2015 मध्ये गूगलच्याच संशोधकांनी आपल्या खात्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांना गरज पडली तेव्हा स्वतःचं उत्तर आठवलं नव्हतं. उलट ‘आवडता पदार्थ’ या प्रश्नावर चोराला पहिल्याच अंदाजात जवळपास 20 टक्के यश मिळू शकत होतं. उत्तर होतं पिझ्झा. मालकाला आठवत नाही आणि चोराला अंदाज येतो, असं ते कुलूप. आपल्याकडे तर आईचं माहेर अख्ख्या भावकीला माहीत असतं, लग्नपत्रिकेत छापलेलं असतं. शिवाय अशी उत्तरं एकदा फुटली की बदलता येत नाहीत. याहूने 2016 मध्ये जाहीर केलेल्या चोऱ्यांमध्ये काही खात्यांचे प्रश्न आणि उत्तरंही गेली होती, त्यातली काही कूटबद्ध न केलेली. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण संस्थेने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत ‘पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव’ छापाची माहिती विचारायला मनाई केली, त्यामागे हीच कारणं होती.

प्रश्नाच्या जागी आता काय बघतात

प्रश्न तुमच्या डोक्यातलं विचारायचा. आता सेवा तुमच्या हातात काय आहे ते बघते: पूर्वी लॉगिन केलेलं यंत्र, नोंदवलेला मोबाईल, दुसरा ईमेल, कागदावर छापून ठेवलेला कोड, किंवा तुम्ही आधी नेमलेला विश्वासू माणूस. जोडीला ती न विचारता काही गोष्टी तपासते. नेहमीचं वायफाय आहे का, नेहमीचा ब्राउझर आहे का, नेहमीचं गाव आहे का. म्हणूनच ‘पुण्याच्या भाच्याकडे देतो, तो करेल’ हा मार्ग बहुतेक वेळा फसतो. भाचा हुशार असतो, पण गूगलच्या नजरेत तो परक्या शहरातून परक्या लॅपटॉपवर आलेला अनोळखी माणूस असतो.

हे एका उदाहरणावर चालवून बघू. विट्याच्या एका निवृत्त शिक्षकांचं गूगल खातं 2011 चं आहे, असं समजा. पेन्शनची कागदपत्रं, पाल्यांचे फोटो, आयकराचे संदेश सगळं त्यातच. फोन विहिरीत पडला, नवा फोन आणला, पासवर्ड आठवत नाही. प्रश्नाचं उत्तर त्यांना पाठ आहे, पण तो विचारला जात नाही. नोंदवलेला मोबाईल जुना, पाच-सहा वर्षांपूर्वी बंद झालेला. दुसरा ईमेल खातं उघडून देणाऱ्या केंद्राचा. घरी एक जुना संगणक आहे, त्यावर नातू कधीतरी आजोबांच्या खात्यात मेल बघायचा.

सुरुवात त्या संगणकापासून करायची. नव्या फोनवर प्रयत्न करू नका, कारण तो गूगलने कधी पाहिलेला नाही. संगणक घरच्याच इंटरनेटवर लावा आणि क्रोममध्ये त्याच प्रोफाइलने उघडा. पत्त्याच्या पट्टीत हे टाका:

```
chrome://password-manager/passwords
```

पासवर्ड कधी साठवला असेल तर तो इथे असतो, आणि संगणकाचा स्वतःचा पिन किंवा पासवर्ड टाकल्यावर दिसतो. निम्म्या लोकांना हे ठाऊक नसतं आणि ते सरळ पुनर्प्राप्तीच्या फॉर्मकडे धावतात. साठवलेला पासवर्ड आता बदललेला असला तरी कागदावर टिपून घ्या, पुढे लागणार आहे.

तो चालला नाही तर त्याच क्रोममध्ये `accounts.google.com/signin/recovery` उघडा. गूगल आधी आठवत असलेला शेवटचा पासवर्ड विचारतं. इथे जुनाही चालतो, जितका अलीकडचा तितका चांगला, आणि अंदाज चुकला तरी पुढची पायरी बंद होत नाही. म्हणून हा रकाना मोकळा सोडू नका. पुढे बंद मोबाईलवर कोड पाठवायचा पर्याय येईल. तिथे घाईने ‘Send’ दाबू नका, ‘Try another way’ दाबत पुढचे पर्याय कोणते आहेत ते सगळे पाहून घ्या. ते बघितल्याने काही बिघडत नाही.

शिक्षकांच्या बाबतीत दोनच पर्याय निघतील: तो बंद मोबाईल आणि केंद्राचा ईमेल. ईमेलच्या पर्यायात पत्ता पूर्ण दिसत नाही, पहिली एक-दोन अक्षरं दिसतात आणि मध्ये ठिपके असतात. त्यावरून तो कुणाचा आहे ते ओळखायचं. केंद्र अजून चालू असेल तर तिथे स्वतः जा, फोनवर काम सांगू नका. केंद्रचालकाने त्यांच्या मेलमध्ये आलेला कोड तुमच्यासमोर वाचून दाखवावा आणि तुम्ही तो भरावा. इथे एक पेच आहे. ओळखीचा संगणक घरी आहे आणि कोड केंद्रात येणार. उपाय सोपा: घरी नातवाने संगणकासमोर बसायचं, शिक्षकांनी केंद्रातून कोड फोनवर त्याला सांगायचा. घरच्याच माणसाला, स्वतः सुरू केलेल्या कामासाठी. समोरून आलेल्या फोनवर कोड कधीच सांगायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

केंद्र बंद पडलं असेल तर मोबाईल क्रमांकाकडे वळावं लागतं, आणि खरी अडचण तिथे असते.

बंद सिम, दुसऱ्याच्या नावावरचं सिम, नवं सिम

बंद झालेला क्रमांक किमान 90 दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो कुणालाही मिळू शकतो. आधी त्या क्रमांकावर साधा फोन लावून बघा. दुसरंच कुणी उचललं तर तो मार्ग संपला. त्या माणसाकडून कोड मागून घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्याला तुमचं खातं या क्रमांकावर उघडतं एवढं कळणंही धोक्याचं आहे. खातं हाती आल्यावर पहिलं काम तो क्रमांक काढून टाकण्याचं.

क्रमांक अजून तुमच्याच नावावर असेल, फक्त सिम हरवलं किंवा पाण्यात गेलं असेल, तर कंपनीच्या अधिकृत दुकानातून ओळखपत्र दाखवून त्याच क्रमांकाचं नवं सिम मिळतं. पण सिम ज्याच्या नावावर त्यालाच. गावाकडे हे सिम बहुतेक वेळा मुलाच्या, भावाच्या किंवा दिवंगत वडिलांच्या नावावर निघतं. तुमच्या नावावर कोणते क्रमांक आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘टॅफकॉप’ या सुविधेत ओटीपी टाकून दिसतं. यादीत नसलेला क्रमांक दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर आहे, असं समजून चला.

नवं सिम मिळाल्यावर जवळपास प्रत्येक जण एकच चूक करतो. सिम चालू झालं, कॉल लागतो, मग लगेच ओटीपी मागवतो. तो येत नाही. पुन्हा मागवतो, पुन्हा येत नाही, आणि खातं अडकतं. सिम बदलून फसवणूक होते म्हणून दूरसंचार विभागाच्या नियमानुसार नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएसची ये-जा बंद असते. कॉल आणि इंटरनेट चालू असल्यामुळे हे जाणवत नाही. सिम सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेनंतरच कोड मागवा. आधी घरातल्याच दुसऱ्या फोनवरून त्या क्रमांकावर एक साधा एसएमएस पाठवून तो पोचतो का ते बघा. तो पोचला की मगच पुढे.

शिक्षकांचा क्रमांक गेलेला, केंद्र बंद, हाती फक्त ओळखीचा संगणक आणि एक जुना पासवर्ड. अशा वेळी गूगल कधीकधी संपर्कासाठी दुसरा एखादा ईमेल विचारतं आणि विनंती तपासायला काही तास ते काही दिवस घेतं. या काळात पुन्हा पुन्हा फॉर्म भरू नका. त्याच संगणकावरून, त्याच इंटरनेटवरून, दिवसाला एक नीट भरलेला प्रयत्न पुरे. खात्यावर आधी द्विस्तरीय पडताळणी चालू केलेली असेल तर मात्र नियम जास्त कडक असतात, फक्त जुन्या पासवर्डावर भागत नाही.

फोन दुकानात देण्याआधी

जुना फोन पडद्यासकट जिवंत असेल आणि त्यात ते खातं चालू असेल, तर तोच सगळ्यात मोठा पुरावा आहे. त्या फोनवरून पासवर्ड विसरल्याचा मार्ग धरला की फोनचं पडद्याचं कुलूप उघडून ओळख पटवण्याचा पर्याय बऱ्याचदा मिळतो. पण दुकानदाराला ‘गूगल चालत नाही’ एवढंच सांगितलं तर तो फोन हार्ड रीसेट करतो, म्हणजे त्यातलं सगळं पुसून टाकतो. मग दोन गोष्टी एकदम होतात. चालू असलेलं खातं जातं, आणि फोन सुरू होताना चोरीविरोधी संरक्षणामुळे आधीच्याच गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. खातं गेलं ते गेलं, फोनही अडकला. रीसेट करायचाच असेल तर खातं हाती आल्यावर करा, आणि पासवर्ड नुकताच बदलला असेल तर 24 तास थांबून.

आणखी एक. गूगलवर ‘गूगल कस्टमर केअर सातारा’ शोधून जे क्रमांक दिसतात ते गूगलचे नसतात. पैसे घेऊन पासवर्ड परत मिळवून देणारी कोणतीही संस्था गूगलसोबत काम करत नाही. तिथे ओटीपी दिला गेला किंवा पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा.

अॅपल आणि मायक्रोसॉफ्ट

अॅपलच्या जुन्या खात्याला प्रश्न असतील तर सुरुवात `iforgot.apple.com` वरून. आयफोनवर खातं चालू असेपर्यंत सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावाखाली ‘Sign-In & Security’ मध्ये द्विस्तरीय पडताळणी चालू करून टाका. ती चालू झाली की प्रश्न कायमचे बाजूला पडतात. तिथे दोन पर्याय दिसतात, त्यांची गल्लत करू नका. ‘Recovery Contact’ म्हणजे विश्वासू माणूस. तुम्ही अडकलात की त्याच्या अॅपल यंत्रावर कोड निघतो आणि तो तुम्हाला सांगतो. त्याला तुमचं खातं दिसत नाही. ‘Recovery Key’ म्हणजे 28 अक्षरांची किल्ली. ती घेतली की अॅपलची वाट पाहून खातं परत मिळवण्याची नेहमीची सोय बंद होते. किल्ली आणि यंत्रं दोन्ही हरवली तर खातं गेलं. घरच्यांसाठी खातं लावून देताना आम्ही माणूस नेमतो, किल्ली घेत नाही.

मायक्रोसॉफ्टमध्ये नोंदवलेली सगळी माहिती जुनी झाली असेल आणि ती एकदम बदलली तर 30 दिवस वाट बघावी लागते. मधेच अस्वस्थ होऊन विनंती रद्द केली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात. `account.live.com/acsr` हा फॉर्म वेगळा. त्यात अलीकडे कुणाला मेल पाठवले, विषय काय होते असं विचारतात, म्हणून ज्यांना मेल पाठवले त्यांच्या इनबॉक्समधून विषय जसेच्या तसे उतरवून घ्या. द्विस्तरीय पडताळणी चालू असलेल्या खात्याला हा फॉर्म लागू होत नाही.

आत गेल्यावर, याच क्रमाने

खातं उघडलं की पहिल्या दिवशीच हे करा, कारण पुढच्या वेळी पुन्हा तोच घोळ होणार आहे. आधी स्वतःच्या नावावरच्या सिमचा क्रमांक घाला आणि जुना काढा. गूगल नंतरही 7 दिवसांपर्यंत जुन्या क्रमांकावर किंवा ईमेलवर कोड पाठवण्याचा पर्याय ठेवू शकतं. चोराने क्रमांक बदलला असेल तर ही सोय तुमच्या कामाची आहे. पण जुना क्रमांक परक्याकडे असेल तर हाच आठवडा जपायचा: सूचनांचे मेल बघत राहा.

मग दुसरा ईमेल. इथे नेहमीची चूक म्हणजे दोन खाती एकमेकांची राखण करतात. नवऱ्याच्या खात्याला बायकोचा ईमेल, बायकोच्या खात्याला नवऱ्याचा, आणि दोन्ही एकाच फोनवर. फोन गेला की दोन्ही एकदम जातात. दुसरा ईमेल वेगळ्या घरातल्या, वेगळ्या फोनवरच्या माणसाचा असावा. ऑक्टोबर 2025 पासून गूगलनेही विश्वासू माणूस नेमण्याची सोय आणली आहे. अडकलात तर तुमच्या पडद्यावर एक आकडा दिसतो, तो तुम्ही त्या माणसाला सांगायचा आणि त्याने त्याच्या फोनवर तोच निवडायचा. त्यासाठी त्याला 15 मिनिटं मिळतात, तेव्हा आधी फोन करून तो मोकळा आहे ना ते विचारा.

त्यानंतर द्विस्तरीय पडताळणी चालू करून ‘Backup codes’ छापा. आठ-आठ अंकांचे दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. नवा संच काढला की जुना संपूर्ण रद्द होतो, म्हणून कागदावर तारीख टाका आणि जुना कागद फाडा. फोटो काढून गॅलरीत ठेवू नका. फोन हरवतो तेव्हाच हे कोड लागतात. रेशन कार्ड आणि सातबारा जिथे असतो त्याच पिशवीत तो कागद ठेवला तर सापडतो.

आधारशी जोडलेला मोबाईलही याच वेळी तपासा, कारण आयकरापासून डिजिलॉकरपर्यंत बरंच काही त्यावर अडतं. क्रमांक बदलायला आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन काम होतं, वेगळं कागदपत्र लागत नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या पोस्टमनकडूनही हे करून मिळतं, वयस्कर माणसांना ते सोयीचं पडतं.

ज्या पोर्टलवर प्रश्न अजून सक्तीचा आहे, तिथे खरं उत्तर देऊ नका. एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मधे एक-एक मोकळी जागा, असं उत्तर ठेवा आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा त्याच कागदावर प्रश्नासकट लिहा. निव्वळ xk7#q छापाचं उत्तर टाळा. फोनवरून ओळख पटवताना कर्मचारी ते वाचून दाखवायला सांगतो, आणि ‘काहीतरी वेडंवाकडं टाईप केलंय’ एवढ्यावर तो तुम्हाला आत सोडेल हाही धोकाच आहे.

मिळतच नसेल तर

पंधरवडाभर ओळखीच्या यंत्रावरून प्रयत्न करूनही गूगल नाहीच म्हणत असेल तर नवं खातं उघडा आणि जुना ईमेल जिथे जिथे दिला आहे त्या जागा एकेक करून बदला. क्रम बँक, आयकर, पेन्शन, विमा असा ठेवा. बँकेत शाखेत जाऊन अर्ज दिला की ईमेल बदलतो, त्यासाठी जुन्या ईमेलवरचा कोड लागत नाही. आयकर पोर्टलवर आधार ओटीपीने आत जाऊन प्रोफाइलमध्ये ईमेल बदलता येतो. जुनं खातं दोन वर्षं कुणीच वापरलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. तो जीमेल पत्ता मात्र पुन्हा दुसऱ्या कुणाला दिला जात नाही, त्यामुळे जुन्या पत्त्यावर येणारे तुमचे मेल परक्या माणसाच्या हाती पडण्याची भीती त्या बाजूने नाही.